स्क्रीनशॉटवरून आईच्या गोळ्यांचा तक्ता कसा बनवायचा आणि किती गोळ्या आणायच्या

प्रश्न: दादा, आईला आमवात निघालाय. भाऊ तिला नाशिकला दाखवून आला आणि चिठ्ठीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. आई माझ्याकडे यावलला आहे, सोमवारपासून गोळ्या सुरू करायच्यात. रोज काय कधी द्यायचं आणि सहा आठवड्यांच्या एकूण किती गोळ्या आणू? मेथोट्रेक्सेट ७.५ ची इथे नाही, २.५ ची आहे म्हणतात. स्क्रीनशॉटमध्ये एवढं दिसतंय:

```
Tab Prednisolone 5 mg
  15 mg OD x 2 wk, 10 mg OD x 2 wk, 5 mg OD till review
Tab Methotrexate 7.5 mg  once a week (Sun)
Tab Folic acid 5 mg  1-0-0 (Mon, Tue)
Tab Pantoprazole 40 mg  1-0-0 BBF
Tab Paracetamol 650 mg  SOS, max 3/day
R/A 6 wks
```

उत्तर:

ताई, तक्त्याकडे नंतर येतो, आधी घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा. मेथोट्रेक्सेट ही रोजची गोळी नाही, आठवड्यातून एकच दिवस, तुमच्या चिठ्ठीत रविवार, बाकी सहा दिवस ती हातातसुद्धा घ्यायची नाही. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, हाडातल्या मगजावर परिणाम होऊन रक्तातल्या पेशी कमी व्हायला लागतात आणि माणूस दगावू शकतो. मी अमळनेरला मेडिकल चालवतो आणि ही गोळी देताना गिऱ्हाइकाकडून वार तोंडाने वदवून घेतल्याशिवाय मी पुडी हातात देत नाही, मग मागे कितीही गर्दी असू दे.

आता स्क्रीनशॉट. मला तो अर्धवट वाटतोय. मेथोट्रेक्सेट नवीन सुरू करताना डॉक्टर रक्ताच्या तपासण्या लिहितातच, सीबीसी, लिव्हरची आणि किडनीची, आणि काही आठवड्यांनी त्या परत करायला सांगतात. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तपासणीचं नावच नाही. सहा आठवडे स्टिरॉइड लिहिलंय तर त्यासोबत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पण बऱ्याचदा असतं, तेही दिसत नाही. असेलच असं नाही, पण खालचा भाग कापला गेलाय किंवा दुसरं पान राहिलंय अशी शंका येते. भावाला सांगा की कागद टेबलावर सपाट ठेव, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढ, मागची बाजू पण काढ आणि फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप त्याची साइज कमी करत नाही आणि अक्षर फुटत नाही. वरती आईचं नाव, वय आणि तारीख दिसलीच पाहिजे, कारण घरात दोघातिघांच्या चिठ्ठ्या एकाच फोनमध्ये असतात आणि मागच्या वर्षीची चिठ्ठी नवी समजून लोक घेऊन येतात. तसंही प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्सेट चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, दुकानदार मूळ कागद मागेल, तो भावाने कुणाच्या हाती पाठवून दिला तर उत्तमच.

फोटो आला की आकडे झूम करून वाचा. ७.५ मधला टिंब फुटलेल्या फोटोत गायब होतो आणि ७५ वाचलं जातं. फोनमधून अक्षरं आपोआप उचलून घेणारी सोय वापरत असाल तर तिथे पण हाच घोळ, टिंब जातं, 1-0-0 चं 1-0-1 होतं, OD चे दोन शून्य होतात. म्हणून उचललेला मजकूर परत एकदा मूळ फोटोशी एकेक ओळ लावून बघायचा, आणि एखादा आकडा शंभर टक्के कळत नसेल तर अंदाज न लावता दवाखान्यात फोन करायचा. "साधारण असंच असेल" हे औषधात चालत नाही.

तुमच्या चिठ्ठीतली भाषा सांगतो. OD म्हणजे दिवसातून एकदा. 1-0-0 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. BBF म्हणजे नाश्त्याच्या आधी. SOS म्हणजे लागली तरच. R/A 6 wks म्हणजे सहा आठवड्यांनी परत दाखवायला या. wk तुमच्या चिठ्ठीत सरळ लिहिलंय ते बरं आहे, काही डॉक्टर x 2/52 असं लिहितात, त्याचा अर्थ दोन आठवडे, आणि x 5/7 म्हणजे पाच दिवस. ते अपूर्णांक समजून लोक गोंधळतात.

आता एकेक औषध घेऊ, आणि हिशोब पण सोबतच करत जाऊ.

प्रेडनिसोलोन. हे स्टिरॉइड आहे, सांध्यांची सूज आणि सकाळचा आखडलेपणा लवकर उतरवायला दिलंय. याच्यात लक्षात घ्यायचं म्हणजे चिठ्ठीत डोस मिलिग्रॅममध्ये लिहिलाय आणि आपण घरी गोळ्या मोजतो. गोळी ५ ची आहे आणि डोस १५ चा, म्हणजे तीन गोळ्या. आणि OD लिहिलंय म्हणजे तिन्ही गोळ्या सकाळी एकाच वेळी. इथे फार लोक चुकतात, तीन गोळ्या म्हटलं की आपोआप सकाळ-दुपार-रात्र अशी वाटणी करून टाकतात. तसं करू नका. आपल्या अंगात या जातीचं हार्मोन सकाळी जास्त तयार होतं म्हणून स्टिरॉइड सकाळीच देतात, संध्याकाळी रात्री घेतलं तर आईला झोप लागणार नाही, आणि मग झोपेची गोळी द्या म्हणून तुम्ही परत माझ्यासारख्याकडे येणार.

गोळ्यांचा हिशोब असा. पहिले दोन आठवडे म्हणजे १४ दिवस, रोज ३, झाल्या ४२. पुढचे १४ दिवस १० मिलिग्रॅम, रोज २, झाल्या २८. त्यानंतर till review म्हणजे परत दाखवेपर्यंत ५ मिलिग्रॅम, रोज १. सहा आठवड्यांतले चार गेले, उरले दोन, म्हणजे १४ गोळ्या. एकूण ८४. पत्ता दहाचा असेल तर ९ पत्ते, पंधराचा असेल तर ६ पत्ते, दोन्हीकडून ९० च होतात. वरच्या ६ गोळ्या वाया नाहीत, त्या मुद्दाम पाहिजेत, कारण शेवटच्या टप्प्यात रोज एकच गोळी आहे, म्हणजे त्या तुमच्या सहा दिवसांच्या आहेत. नाशिकची अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली, गाडी चुकली, घरात लग्न निघालं, तर हे औषध मध्येच बंद पडायला नको. आठवडेच्या आठवडे स्टिरॉइड चालू असलं की शरीर स्वतःचं हार्मोन बनवणं कमी करतं, आणि बाहेरचं एकदम थांबलं की गळून जाणं, उलट्या, बीपी उतरणं असे प्रकार होतात. म्हणूनच डॉक्टरांनी ते पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवत आणलंय. आई दहा दिवसांत बरी वाटून "आता नको मले गोया" म्हणाली तरी थांबवायचं नाही.

दुकानात ५ ची नसून १० ची गोळी असली तर काय? मग १५ म्हणजे दीड गोळी, १० म्हणजे एक, ५ म्हणजे अर्धी. १४ दिवस दीड म्हणजे २१, १४ दिवस एक म्हणजे १४, १४ दिवस अर्धी म्हणजे ७, एकूण ४२ गोळ्या. हिशोब बरोबर बसतो पण रोज अर्धी तोडत बसावं लागतं, उरलेली अर्धी सांभाळावी लागते, आणि आईच्या बोटांचे सांधे सुजलेले असताना तिला ते जमणार नाही. म्हणून मी ५ चीच घ्या म्हणेन. एकच करा, दोन्ही पॉवर घरात एकत्र ठेवू नका.

मेथोट्रेक्सेट. सोमवारी सुरुवात केली तर पहिला रविवार सातव्या दिवशी येतो आणि ४२ दिवसांत बरोबर ६ रविवार बसतात. ७.५ ची गोळी मिळाली तर सहा आठवड्यांच्या फक्त ६ गोळ्या. २.५ ची घेतली तर दर रविवारी ३ गोळ्या, सहा रविवारच्या १८. फक्त पहिल्या डोसबद्दल डॉक्टरांना एक विचारून घ्या, येणाऱ्या रविवारीच सुरू करायची ना, की आधी रक्ताचे रिपोर्ट पाहिजेत. रिपोर्ट राहिले असतील तर ते आल्याशिवाय सुरू करू नका.

माझं स्पष्ट मत, २.५ ची घेऊ नका. भुसावळ तुम्हाला जवळ आहे, जळगावला तर नक्की मिळेल, दोन दिवस लागले तरी ७.५ चीच आणा, रविवारपर्यंत वेळ आहेच. कारण २.५ च्या तीन गोळ्या घरात आल्या की त्यांचं "दिवसातून तीन वेळा" कधी होईल सांगता येत नाही. तुम्ही माहेरी गेलात, दोन दिवस शेजारच्या काकूंनी गोळ्या दिल्या, आणि पुडीवर नुसतं ३ लिहिलेलं असलं की झालं. एक दिवस एक गोळी हे कुणाच्याही डोक्यात पक्कं बसतं. नाइलाजाने २.५ चीच घ्यावी लागली तर पुडीवर मोठ्या अक्षरात लिहा, "फक्त रविवारी, तिन्ही एकदम, एकूण ७.५", आणि नुसतं "MTX" किंवा नुसतं "३ गोळ्या" असं काही लिहू नका. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी डोस वाढवला तर पॉवर पण बदलेल, तेव्हा घरातली जुनी उरलेली आधी परत करा किंवा बाजूला काढा.

सहाच गोळ्या पाहिजेत आणि पत्ता दहाचा असेल तर दुकानदाराला सहाच द्यायला सांगा. आख्खा पत्ता घ्या म्हणून काही जण आग्रह करतात, बाकी औषधांत मी पण समजू शकतो, पण हे औषध जास्तीचं घरात पडून राहणं चांगलं नाही. पत्ता कापताना नाव आणि एक्सपायरी तुमच्या तुकड्यावर येत नसेल तर ते बिलावर लिहून घ्या.

अजून एक, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. मेथोट्रेक्सेटची गोळी लहान, गोल, पिवळी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी पण बऱ्याच कंपन्यांची लहान, गोल, पिवळी. पत्त्यातून काढून डबीत टाकल्या तर मला सुद्धा नुसत्या नजरेने सांगता येणार नाही कोणती कुठली. आणि दोघी एकमेकींच्या शेजारी दिल्या जातात, एक रविवारी, दुसरी सोमवार-मंगळवारी. म्हणून या दोन गोळ्या पत्त्यातून सुट्या काढायच्याच नाहीत, आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. फॉलिक बाकीच्या रोजच्या डब्यात, आणि मेथोट्रेक्सेट कपाटात वेगळ्या डबीत, डबीवर "रविवार", आणि ती डबी फक्त तुम्ही उघडायची. आठवड्याच्या सात खणांच्या प्लास्टिकच्या डब्या मिळतात, त्यात ही गोळी भरून ठेवणं पण मला पसंत नाही.

फॉलिक अ‍ॅसिड कशाला, तर मेथोट्रेक्सेटमुळे शरीरातल्या फॉलिकच्या कामात अडथळा येतो, त्यातूनच तोंड येणं, मळमळ असे त्रास होतात, ते कमी करायला. सोमवार आणि मंगळवार, सकाळी एकेक, सहा आठवड्यांच्या १२. पहिल्या सोमवार-मंगळवारी अजून मेथोट्रेक्सेट पोटात गेलेलीच नसेल, तरी फॉलिक घेतली तर काही बिघडत नाही, त्यामुळे हिशोब सरळ १२ चाच धरा.

पॅन्टोप्रॅझोल. ही पोटासाठी, अ‍ॅसिडिटीची. इथे चिठ्ठीत किती दिवस ते लिहिलेलं नाही. सोबत स्टिरॉइड आहे म्हणून ती पूर्ण सहा आठवडे असावी असं मला वाटतं, पण हे माझं वाटणं आहे, फोन कराल तेव्हा तेवढं विचारून घ्या. सहा आठवडे असेल तर ४२ गोळ्या, पंधराचे ३ पत्ते म्हणजे ४५, दहाचे ५ म्हणजे ५०. एकदम सगळ्या आणायची गरज नाही, आधी एक पत्ता आणा, उत्तर आलं की बाकीचे. ही गोळी तोडायची, चावायची नाही, आख्खी पाण्याबरोबर.

आता "नाश्त्याच्या आधी" याचा आपल्याकडे अर्थ काय. शहरात आठला पोहे, इथे सहाला चहा, सोबत टोस्ट किंवा रात्रीची भाकरी, आणि खरं जेवण दहा वाजता. बरेच जण चहाबरोबर टोस्ट खातात आणि पॅन्टोप्रॅझोल दहाच्या जेवणाआधी घेतात, मग ती रिकाम्या पोटाची राहिलीच नाही. दिवसाचं पहिलं जे काही पोटात जाणार त्याच्या अर्धा तास आधी ही गोळी. आई उठून तोंड धुते तेव्हाच द्या, मग अर्ध्या तासाने चहा. आणि प्रेडनिसोलोन नुसत्या चहावर नको, भाकरी, पोहे, काहीतरी पोटात गेल्यावर.

पॅरासिटामॉल ६५० तक्त्यात घालायचीच नाही. दुखलं तरच एक, दोन गोळ्यांत कमीत कमी सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत तीनच्या वर नाही. हिचा गुणाकार होत नाही, एक पत्ता घरात ठेवा, संपत आला तर दुसरा. तक्त्याच्या खाली एक रिकामी जागा सोडा आणि घेतली की तारीख-वेळ तिथे लिहा. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांत पण पॅरासिटामॉल असतं, सर्दी झाली म्हणून ती वरून दिली तर दुप्पट होतं, आणि त्या दुखण्यावर दुकानातून दुसरी पेनकिलर स्वतःच्या मनाने आणू नका, मेथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइड दोघांबरोबर ती विचारूनच घ्यायची.

एवढं झालं की तक्ता फार सोपा आहे. तो तुमच्यासाठी नाही, आईसाठी आणि तुम्ही नसताना जो कोणी घरी असेल त्याच्यासाठी बनवायचा. आमच्या काउंटरवर म्हाताऱ्या बाया एकच विचारतात, "कोनती गोयी कव्हय खावानी?" तक्त्याने तेवढ्याचं उत्तर दिलं पाहिजे, त्यात मिलिग्रॅम, कंपनी, इंग्रजी काही नको. रोजचं असं होईल:

सकाळी ६, उठल्यावर, पाण्याबरोबर: पोटाची गोळी १
सकाळी ७, खाल्ल्यावर: सुजेची गोळी, पहिले दोन आठवडे ३, पुढचे दोन आठवडे २, नंतर १
सोमवार आणि मंगळवार सकाळी ७ ला सोबत: फॉलिक १
रविवार रात्री जेवल्यावर, ताईच्या हातून: रविवारची गोळी १

मेथोट्रेक्सेट मी मुद्दाम रात्री धरलीय. काही जणांना त्यानंतर मळमळतं, रात्री घेतली की तो वेळ झोपेत जातो, आणि सकाळच्या गोळ्यांच्या गर्दीत ती मिसळत पण नाही. डॉक्टरांनी सकाळी सांगितली असेल तर सकाळी, तो काही नियम नाही.

कागदावर "पहिला आठवडा, दुसरा आठवडा" असं लिहू नका. प्रत्यक्ष तारखा लिहा, ४२ ओळी होतील, होऊ द्या. पंधराव्या दिवशी ३ च्या २ होतात आणि एकोणतिसाव्या दिवशी २ ची १ होते, त्या दोन तारखांच्या ओळी लाल पेनने लिहा. तारखा नसल्या की तिसऱ्या आठवड्यात घरात वाद होतो, आज पंधरावा की सोळावा. गोळी दिली की त्या ओळीवर बरोबरची खूण, आणि खूण गोळी गिळल्यावर करायची, हातात दिल्यावर नाही.

भावाला मोबाइलवर शीट बनवायची हौस असेल तर बनवू द्या, बी मध्ये डोस, सी मध्ये एका गोळीची पॉवर, डी मध्ये तो डोस एकूण किती वेळा पडणार ते, आणि ई मध्ये हे सूत्र टाकलं की गोळ्या निघतात:

```
=ROUNDUP(B2/C2*D2,0)
```

प्रेडनिसोलोनच्या तीन पायऱ्यांच्या तीन वेगळ्या ओळी करायच्या, 15, 5, 14 ला 42 येईल, 10, 5, 14 ला 28 आणि 5, 5, 14 ला 14. मेथोट्रेक्सेटला मात्र डी मध्ये 42 टाकायचं नाही, 6 टाकायचं. कितीतरी जण दिवसांची संख्या सगळ्या ओळींना सरसकट खाली ओढतात, आणि मग मेथोट्रेक्सेटच्या ४२ गोळ्या निघतात. कुणी दुकानात येऊन आठवड्याच्या गोळीच्या ४२ मागितल्या तर त्या घरात ती रोज दिली जाणार आहे हे मला लगेच कळतं. तुमची एकूण यादी तपासायची ती याच नजरेने, आठवड्याच्या औषधाचा आकडा रोजच्या औषधाच्या बरोबरीला आला की कुठेतरी चुकलंय.

वार मोजताना पण जरा जपून. सोमवार ते सहाव्या रविवारपर्यंत ६ रविवार. पण कुणी रविवारीच सुरुवात केली आणि सहा आठवड्यांनी रविवारीच दाखवायचं असेल तर बोटांवर सात रविवार येतात, त्यातला सातवा दाखवायच्या दिवसाचा. तो डोस डॉक्टरांना भेटून, रिपोर्ट दाखवून मगच घ्यायचा.

गोळ्या बरोबर चालल्यात की नाही हे कळायला माझा जुना उपाय आहे, दर दुसऱ्या रविवारी दुपारी उरलेल्या मोजायच्या. प्रेडनिसोलोन ९० आणल्या तर दोन आठवड्यांनी ४८ उरल्या पाहिजेत, चार आठवड्यांनी २० आणि सहा आठवड्यांनी ६. दुपारी मोजता तोवर सकाळच्या गेलेल्या असतात म्हणून आकडा बरोबर जुळतो. मेथोट्रेक्सेट रात्रीची आहे, ती दिल्यावर मोजा, ६ च्या ४, मग २, मग शून्य. प्रेडनिसोलोन ४८ च्या जागी ५० उरल्या तर कुठेतरी दोन गोळ्या द्यायच्या राहिल्यात, खुणा बघा, सापडेल. पण मेथोट्रेक्सेट एकने जरी कमी भरली, तर तिथे तक्ता बघत बसू नका. आईने जास्तीची घेतलीय का ते विचारा आणि घेतली असेल तर त्रास होतोय का याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना, सोबत पत्ता आणि तक्ता. यावर फोलिनिक अ‍ॅसिड म्हणून उतारा आहे, तो जितका लवकर मिळेल तितकं बरं. हे आपल्या फॉलिकपेक्षा वेगळं औषध आहे, घरातल्या पिवळ्या गोळ्या जास्त देऊन काम भागत नाही.

गोळी राहिली तर काय, हे पण तक्त्याच्या मागे लिहून ठेवा. प्रेडनिसोलोन सकाळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर खाऊन घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीचाच डोस, दुप्पट नाही. मेथोट्रेक्सेट रविवारी राहिली तर मंगळवारपर्यंत घेता येते, त्यानंतर आठवली तर तो आठवडा सोडून द्यायचा आणि पुढचा रविवार नेहमीसारखा. दोन डोस एकत्र कधीच नाही.

मधल्या काळात आईला तोंडात फोड, ताप, घसा धरणं, कुठेही आपोआप निळे डाग, न थांबणारा कोरडा खोकला किंवा धाप, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर पुढची रविवारची गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन. आणि ताप-लघवीच्या जळजळीसाठी गावातल्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर आधीच सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे, कारण को-ट्रायमोक्साझोल म्हणून सल्फाचं एक साधं अँटिबायोटिक आहे, ते यासोबत चालत नाही, दोन्ही मिळून रक्तपेशी फार खाली जातात. आईला शुगर असेल तर स्टिरॉइडने ती वाढते, तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो, असेल तर पहिल्याच आठवड्यात तपासा.

दाखवायला जायच्या दिवशी, म्हणजे ४३ व्या दिवशी सोमवारी, सकाळची प्रेडनिसोलोन आणि पोटाची गोळी चुकवू नका. यावलहून नाशिक म्हणजे पहाटे निघावं लागणार, डबा सोबत घ्या, खाऊन गाडीतच गोळी द्या. उरलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पत्त्यांसकट, तक्ता आणि रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा, नवीन चिठ्ठी झाली की तिथल्या तिथे कागदाचा पूर्ण फोटो काढून घ्या आणि मेथोट्रेक्सेटचा डोस आणि वार डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवा.